अडलेली कुत्री: ऑक्सिटोसिनची सुई कधी, सिझर कधी?

प्रश्न: आमची पग मादी चार वर्षांची आहे. मागच्या खेपेला एक पिल्लू अडकून मेलं. आता परत गाभण आहे, पंधरा-सोळा दिवस राहिलेत. शेजारी म्हशी आहेत, ते म्हणतात ऑक्सिटोसिनची सुई घरात आणून ठेवा, कळा थांबल्या की द्यायची. किती वेळ वाट पाहायची, अडलंय हे कसं ओळखायचं, सुई कधी आणि सिझर कधी?

उत्तर:

सुई घरात ठेवू नका. बाकीचं सगळं नंतर वाचा, पण हे आधी सांगून टाकतो, कारण पगच्या बाबतीत अडतं ते बहुतेक वेळा वाटेत, आणि ऑक्सिटोसिनला वाट मोकळी करता येत नाही. ते फक्त मागून ढकलतं.

तुमच्या शेजाऱ्यांचा हेतू वाईट नाही, पण त्यांचा अनुभव म्हशीचा आहे. पान्हा सोडायला ती सुई मारायची सवय गोठ्यात अनेक वर्षं चालत आली. तेही चुकीचंच आणि बेकायदा आहे, पण तो वेगळा विषय. म्हशीच्या पोटात एक रेडकू असतं. कुत्रीच्या गर्भाशयाला दोन लांब शिंगं असतात आणि त्यात पिल्लं शेंगेतल्या दाण्यांसारखी एकामागे एक बसलेली असतात. प्रत्येकाची वार वेगळी. बाहेर पडायला तोंड मात्र एकच. दारातलं पिल्लू आडवं झालं की मागचे सगळे रांगेत अडकले.

आता ऑक्सिटोसिन काय करतं ते बघा. गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि सैल पडतो, परत आवळतो आणि सैल पडतो. ही कळ. आवळलेल्या वेळी वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, सैल पडला की रक्त परत वाहतं. म्हणजे पिल्लाचा श्वास दोन कळांमधल्या विश्रांतीवर चालतो. ऑक्सिटोसिन थोडं दिलं की कळा जवळ जवळ येतात. जास्त दिलं की स्नायू आवळतो तो सैलच पडत नाही. मग पिल्लांना रक्त मिळत नाही, वार गर्भाशयापासून सुटायला लागते, आणि वाट बंद असेल तर गर्भाशय फाटूही शकतं. तुम्हाला बाहेरून दिसतं ते एवढंच की 'सुई दिल्यावर कुत्री चांगली जोर करायला लागली'.

बाजारात जी ॲम्प्यूल सहसा मिळते तिच्यात एका मिलीत पाच युनिट असतात. कुत्रीला एका वेळी आम्ही अर्धं ते दोन युनिट देतो, पगएवढ्या मादीला अर्ध्या युनिटापासून सुरुवात. अर्धं युनिट म्हणजे शून्य पूर्णांक एक मिली. ते मोजायला इन्सुलिनची सिरिंज घेतात आणि तिथे आणखी एक खड्डा आहे: त्या सिरिंजवरच्या रेघा इन्सुलिनच्या युनिटांच्या असतात, ऑक्सिटोसिनच्या नव्हेत. चाळीसच्या सिरिंजवर एक मिलीच्या चाळीस रेघा, म्हणजे अर्धं युनिट ऑक्सिटोसिन चौथ्या रेघेवर. शंभरच्या सिरिंजवर तेच दहाव्या रेघेवर येतं. रात्री तीन वाजता, थरथरत्या हातांनी, हे गणित घरी करू नये. गोठ्यात जी लेबल नसलेली बाटली फिरते तिच्यात किती युनिट आहेत हे तर देणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता वाट किती पाहायची ते.

तुम्ही पंधरा-सोळा दिवस म्हणता ते बहुधा जोडी लावल्याच्या तारखेवरून. त्या तारखेवर फार विसंबू नका. कुत्रीच्या पोटात शुक्राणू बरेच दिवस टिकतात, आणि बीज बाहेर पडल्यावर पक्व व्हायला आणखी दोन-तीन दिवस घेतं. त्यामुळे जोडी लावल्यापासून 57 दिवसांनी विणारीही नॉर्मल आणि 70-72 दिवसांनी विणारीही नॉर्मल. बीज सुटल्यापासून मोजलं तर मात्र 63 दिवस, एक इकडे-तिकडे. ते मोजायला माजाच्या वेळी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासावं लागतं. या खेपेला ती वेळ गेली.

म्हणून 57व्या दिवसापासून थर्मामीटर. सकाळ-संध्याकाळ, गुदद्वारातून, टोकाला थोडं व्हॅसलिन लावून, आणि आकडा कागदावर. घरातलं थर्मामीटर बहुधा फॅरनहाइटचं असतं. कुत्रीचं नेहमीचं तापमान 101-102 च्या आसपास, गाभणपणाच्या शेवटी जरा खालीच राहतं. विण्याच्या आधी प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि त्याबरोबर तापमान 99 किंवा त्याच्याही खाली येतं. तिथून साधारण 8 ते 24 तासांत वेणा सुरू व्हायला हव्यात. ही घसरण काही तासांचीच असते, त्यामुळे दिवसातून एकदाच मोजणाऱ्याची हुकते. घसरण झाली, पूर्ण दिवस गेला, तापमान परत चढलं आणि कुत्री आपली शांत झोपली आहे, असं झालं तर ते चांगलं लक्षण समजू नका. गर्भाशयाने सुरुवातच केलेली नाही. एकच पिल्लू असलं की हे जास्त दिसतं, कारण सुरुवातीचा इशारा पिल्लांकडून यायचा असतो आणि एकट्याचा आवाज कमी पडतो. वर तो एकटा पोटात पोसून मोठा झालेला असतो.

घसरणीनंतरचा पहिला टप्पा पाहताना लोक उगाच घाबरतात. कुत्री धापा टाकते, थरथरते, खात नाही, कधी उलटी करते, चादरी ओरबाडून कोपरा धरते. आत गर्भाशयाचं तोंड उघडत असतं. हे सहा ते बारा तास चालतं, पहिलटकरणीत दिवसभरही. या वेळी काही करायचं नसतं. लोकांची रांग लावून तिच्याकडे बघत बसू नका, एवढंच. बुजलेल्या कुत्रीच्या कळा मागे पडतात.

खरं घड्याळ सुरू होतं ते पोट आवळून जोर करायला लागल्यावर. हा जोर डोळ्यांना स्पष्ट दिसतो: शौचाला बसल्यासारखी कमान, शेपूट वर, पोटाचा स्नायू कडक. ती वेळ लिहून ठेवा. असा सलग, दमदार जोर अर्धा तास चालला आणि पिल्लू आलं नाही, तर गाडी काढा. अधूनमधून हलका जोर असेल तर दोन तासांपर्यंत थांबायला हरकत नाही. दोन पिल्लांच्या मधे कुत्री विसावली आहे, आलेल्यांना चाटते आहे, दूध पाजते आहे, तर दोन तास, जास्तीत जास्त चार. चारच्या पुढे, आत पिल्लं आहेत हे माहीत असताना, कोणीही थांबू नये.

घड्याळापेक्षा भरवशाची खूण म्हणजे रंग. वारेच्या कडेला गडद हिरवं द्रव्य असतं, आणि वार गर्भाशयापासून सुटली की ते बाहेर येतं. पहिलं पिल्लू येऊन गेल्यावर हिरवं-काळपट दिसलं तर ते नेहमीचंच आहे, कपड्यांना डाग पडतील आणि काही दिवस राहील. पण एकही पिल्लू यायच्या आधी हिरवं दिसलं, तर आतल्या कुणाची तरी वार सुटली आणि त्याचा श्वास तुटला. तिथे दोन तासांचा हिशेब नाही, लगेच निघायचं. ताजं लाल रक्त धारेने येणं आणि घाण वास येणं, यांनाही हाच नियम. आणि निरणीच्या तोंडाशी पाणमोट किंवा पिल्लाचा पाय दिसतोय आणि दहा-पंधरा मिनिटांत पुढे सरकत नाही, तर तेही अडलेलंच.

शेपटीकडून येणाऱ्या पिल्लाला लोक 'उलटं' म्हणून घाबरतात. गाईत मागचे पाय आधी आले की आमचीही धावपळ होते, पण कुत्रीत दहातली चार पिल्लं मागच्या पायांनीच येतात आणि व्यवस्थित येतात. त्रास होतो तो मागचे पाय पोटाखाली दुमडून नुसता कुल्ला पुढे आला तर, किंवा पुढून येणाऱ्याची मान वळली तर.

दवाखान्यात आल्यावर मी पहिलं काम करतो ते बोटाचं. निरणीभोवतीचे केस कापून, धुऊन, निर्जंतुक हातमोजा आणि भरपूर जेली लावून एक बोट आत. लहान कुत्रीत गर्भाशयाच्या तोंडापर्यंत बोट पोचत नाही, पण कमरेच्या हाडाच्या कड्यात काय आहे ते कळतं. कडं रिकामं आहे, की त्यात डोकं आहे, की नुसती मान लागते. जुन्या फ्रॅक्चरने कडं वाकडं झालंय का, मधे पडदा आहे का. मग त्याच बोटाने योनीमार्गाची वरची भिंत हलके दाबत पुढे-मागे करायची. गर्भाशयात दम असेल तर कुत्री लगेच जोर करते. काहीच प्रतिसाद नाही, म्हणजे गर्भाशय थकलेलं आहे. या एका मिनिटाच्या तपासणीवर पुढचं जवळपास सगळं ठरतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी आधी बोट आणि मग सुई एवढंच सांगतो. उलट्या क्रमाने काम केलेल्या केसेस मी पुरेशा पाहिल्या आहेत.

त्यातलीच एक, तुमच्यासारखीच पग. पावणेआठ किलो, तिसरी खेप. पहिलं पिल्लू रात्री सव्वा वाजता आलं, छान होतं. पुढे पावणेदोनपासून दमदार जोर, तीनपर्यंत. मग कळा मंदावल्या, आणि घरच्यांना वाटलं दमली असेल, झोपू दे. साडेचारला ओळखीच्या एकाने येऊन ऑक्सिटोसिनची अख्खी ॲम्प्यूल दिली. एक मिली, पाच युनिट. वीस मिनिटं कुत्री जिवाच्या आकांताने जोर करत होती, मग एकदम निपचित पडली. माझ्याकडे आली तेव्हा सकाळचे पावणेसात.

तापमान 103. हिरड्या फिकट नव्हत्या, पण जीभ कोरडी. बोट घातलं तर कड्याच्या तोंडाशी गोल काहीतरी लागलं, आधी मला डोकंच वाटलं. पण नाक सापडेना, तोंड सापडेना. बोट कडेने फिरवलं तेव्हा एक कान लागला आणि त्याच्या मागे सलग मान. म्हणजे डोकं बाजूला, स्वतःच्या खांद्यावर वळलेलं, आणि पिल्लू मानेच्या वळणाने कड्यात घुसवलेलं. पगमध्ये डोकं मोठं आणि आईचं कडं अरुंद, त्यामुळे ते मागे ढकलून सरळ करायला जागाच नव्हती. मी एकदा प्रयत्न केला, जेली सोडून, तिचा मागचा भाग उंच धरून. दोन मिनिटांत सोडून दिला. अशा वेळी चिमटा घालून ओढण्याचा मोह होतो. चिमट्यात पिल्लाचा जबडा येतो किंवा आईची भिंत येते.

सोनोग्राफी केली. अडकलेल्याचं हृदय बंद होतं. मागे आणखी तीन. एकाचे ठोके मिनिटाला 204, दुसऱ्याचे 176, तिसऱ्याचे 140. कळ चालू असताना ठोके थोडे घसरतात आणि परत वर येतात, म्हणून मिनिटभर थांबून पुन्हा मोजले. 140 चे 138 झाले. पोटातल्या निरोगी पिल्लाचे ठोके दोनशेच्या वर असतात. 180 च्या खाली आलं की पिल्लाला प्राणवायू कमी पडतोय, आणि 160 च्या खाली स्थिर राहिलं की हाताशी वेळ फार थोडा.

ही कुत्री 'कळा थांबलेली' होती. बाहेरून बघणाऱ्याला गर्भाशय दमलेलं दिसेल, आणि ते दमलेलं होतंच. पण दमलं होतं बंद दारावर धडका देऊन. ऑक्सिटोसिनने त्या धडका वाढवल्या आणि मागच्या तिघांचं रक्त तोडलं. मालक विचारत होते, अजून एक सुई देऊन बघूया का. मी थेट सिझरची संमती सही करायला दिली.

भुलीबद्दल दोन गोष्टी मालकाने माहीत करून घ्याव्यात, कारण सिझरमध्ये पिल्लं जगतात की नाही ते चाकूइतकंच भुलीवर ठरतं. आईला दिलेलं जवळपास प्रत्येक औषध वारेतून पिल्लांत जातं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सगळ्याच ऑपरेशनना झायलाझीन-केटामाइन हीच जोडी वापरतात. सिझरला ती नको. पिल्लं गुंगलेली निघतात आणि श्वासच घेत नाहीत. आम्ही प्रोपोफॉल देतो, शिरेतून, सावकाश, झोप येईल इतकंच. या पगला तीन मिलीच्या आत झोप आली. मग श्वासनलिकेत नळी आणि आयसोफ्लुरेन. पगची नाकपुडी आणि टाळू अशी असते की नळीशिवाय तिला झोपवणं म्हणजे जुगार, आणि झोपवायच्या आधी पाच मिनिटं मास्कने प्राणवायू दिलेला बरा. पोट भादरणं आणि धुणं ती जागी असतानाच उरकायचं. टेबलावर तिला फार वेळ पाठीवर सरळ उताणी ठेवत नाही, किंचित कलती ठेवतो, कारण भरलेलं गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं.

सातच्या पुढे पन्नास मिनिटांनी चीर दिली. पोटाच्या मधल्या रेषेत; गाभण कुत्रीत ती रेषा ताणून कागदासारखी झालेली असते आणि तिच्या लगेच खाली गर्भाशय, म्हणून पहिला छेद जपून. मधल्या भागात एक भोक पाडून त्यातून दोन्ही शिंगांतली पिल्लं एकेक सरकवत आणली. अडकलेलं शेवटी निघालं, मदतनिसाने खालून बोटाने ढकलल्यावर. 204 वालं हातात आल्याबरोबर ओरडलं. 176 वाल्याला चार-पाच मिनिटं लागली. पिल्लाला पाय धरून झटका देऊन फिरवायची जुनी पद्धत आम्ही बंद केली आहे. लहानग्या मेंदूत रक्तस्राव होतो. नाका-तोंडातलं पाणी रबरी फुग्याने ओढायचं, कोरड्या उबदार टॉवेलने पाठ आणि छाती चोळायची, तोंडाशी प्राणवायू धरायचा. तरी श्वास घेत नसेल तर नाक आणि वरच्या ओठाच्या मधल्या खाचेत बारीक सुई हाडापर्यंत टोचून फिरवतो. 176 वाल्याने त्या टोचण्यालाच पहिला आचका दिला. 138 वाल्यावर वीस मिनिटं काम केलं. हृदय चालू होतं, श्वास आलाच नाही.

पाचातली तीन जगली. साडेचारला सुईऐवजी गाडी काढली असती तर माझ्या अंदाजाने चार जगली असती. अडकलेलं बहुधा तोवर गेलेलंच होतं.

म्हणजे ऑक्सिटोसिन वाईट औषध आहे असं नाही. योग्य कुत्रीत ते सिझर वाचवतं, आणि अशी कुत्री कशी दिसते तेही सांगतो. त्याच पावसाळ्यात एक लॅब्रॅडॉर आली, 28 किलोची. तिचा एक्स-रे शेवटच्या आठवड्यात काढलेला होता, नऊ कवट्या मोजलेल्या. सात पिल्लं रात्रीतून आली, मग साडेतीन तास काही नाही. जोर नाही, धाप नाही, कुत्री सातही जणांना पाजत शांत पडलेली. बोट घातलं: कडं रिकामं, मार्ग मोकळा आणि ओला, वरची भिंत चोळल्यावर अगदी पुसट कळ. सोनोग्राफीत दोघं, 208 आणि 196. सात पिल्लांना जन्म देऊन गर्भाशय खरंच दमलेलं, आणि समोर वाट उघडी.

तिला आधी कॅल्शियम दिलं. हे लोक विसरतात. ऑक्सिटोसिनने कळा वारंवार येतात, पण प्रत्येक कळेत जोर असतो तो कॅल्शियममुळे. स्नायूत कॅल्शियम कमी असेल तर ऑक्सिटोसिन नुसती थरथर आणतं. दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट, पाच मिली, सलाइनमध्ये पातळ करून कातडीखाली दोन-तीन जागी वाटून. शिरेतून द्यायचं असेल तर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून अगदी सावकाश, ठोके मंदावले की थांबायचं. गाईच्या दूधज्वराची ती मोठी बाटली मात्र कुत्रीच्या कातडीखाली कधीही नाही. तिची तीव्रता जास्त असते, कातडी सडून गळून पडते. रक्तातली साखरही पाहिली, ती ठीक होती. कमी निघाली असती तर आधी डेक्स्ट्रोज.

वीस मिनिटं तिला अंगणात चालवली. मग ऑक्सिटोसिन एक युनिट, स्नायूत. पंचवीस मिनिटांत आठवं पिल्लू आलं. नववं चाळीस मिनिटं झाली तरी येईना, म्हणून परत बोट घालून वाट तपासली, ठोके मोजले, 190, आणि दुसरं एक युनिट दिलं. ते अर्ध्या तासात आलं. दोन सुयांनी एकही पिल्लू आलं नसतं तर तिसरी दिली नसती. प्रत्येक डोसनंतर गर्भाशयाचा प्रतिसाद कमी होत जातो, आणि तेवढा वेळ पिल्लं आत असतात.

तर सुईच्या आधी मला चार गोष्टी हव्या असतात: गर्भाशयाचं तोंड उघडलेलं, कड्यात काही अडकलेलं नाही, उरलेली पिल्लं त्या वाटेने जातील अशा मापाची आणि थोडीच, आणि त्यांचे ठोके चांगले. यातली एक जरी नसली तरी सिझर. चार-पाच पिल्लं आत असताना गर्भाशय थंड पडलं असेल तर ठोके चांगले असूनही मी सिझरकडेच झुकतो, कारण सुया देत देत सगळी बाहेर येईपर्यंत शेवटची दोन हातची जातात. एकही पिल्लू आलेलं नाही आणि कळाच सुरू झालेल्या नाहीत, अशा कुत्रीत सुईचं यश मी फारच कमी पाहिलंय. काही सहकारी तिथे जास्त वेळ औषधं देऊन बघतात. मला ते पटत नाही.

आता तुमच्या पगचं. मागच्या खेपेला अडकलं होतं, आणि पग आहे, त्यामुळे या वेळी ठरवून सिझर करायचं का, हे तुमच्या डॉक्टरांशी आत्ताच बोला, विण्याच्या रात्री नको. पण तारीख जोडी लावल्याच्या दिवसावरून पक्की करून टेबलावर नेऊ नका. दोन दिवस लवकर काढलेल्या पिल्लांची फुप्फुसं तयार नसतात आणि ती दिवसभर धापा टाकून जातात. ठरवून सिझर करायचं तर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन दोन नॅनोग्रॅमच्या खाली गेल्याचं पाहून, किंवा तापमानाची घसरण पकडून त्याच दिवशी. प्रोजेस्टेरॉनची तपासणी तुमच्या गावात त्याच दिवशी मिळत नसेल तर थर्मामीटरवरच भागवावं लागेल, म्हणून ते दोन वेळचे आकडे चुकवू नका.

55व्या दिवसानंतर एक एक्स-रे काढून घ्या. त्या आधी हाडं नीट दिसत नाहीत. कवट्या आणि मणके दोन्ही मोजायला सांगा. किती पिल्लं आहेत हे माहीत नसेल तर कळा थांबल्यावर 'संपलं' की 'अडलं' हे घरी कळायला मार्गच नाही. एक्स-रेवर एखादी कवटी आईच्या कड्याच्या मानाने मोठी दिसली तर तिथेच अर्धा निर्णय होतो.

आणि रात्री ऑपरेशन करणारं, आयसोफ्लुरेन असलेलं ठिकाण कुठे आहे ते आज फोन करून विचारा. 'चोवीस तास' असा बोर्ड असतो, आत रात्री फक्त कंपाउंडर असतो, असंही पाहिलंय. कुठल्या रस्त्याने किती वेळ लागतो ते धरूनच अर्ध्या तासाचं गणित करा. दवाखाना तासाभरावर असेल तर तुमचा अर्धा तास पंधरा मिनिटांचा झाला.

निघताना आलेली पिल्लं बरोबर घ्या, खोक्यात, टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीसह. आईला भरवू नका; भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते, आणि पगमध्ये हा धोका दुप्पट समजा. वेळांचा कागद घ्या: तापमान कधी घसरलं, जोर कधी सुरू झाला, कुठलं पिल्लू किती वाजता, कुठला रंग कधी. आणि कुणी आधीच सुई दिली असेल तर ओशाळून लपवू नका, किती आणि कधी ते सांगा. ते कळलं नाही तर आम्ही वरून आणखी देण्याची शक्यता असते.

सिझर झालं तर आई पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पिल्लांना तिच्याजवळ एकटं सोडायचं नाही. गुंगीत ती अंगाखाली दाबते, आणि वेणांशिवाय अचानक समोर आलेल्या पिल्लांना काही माद्या पहिल्या तासांत ओळखत नाहीत, गुरगुरतात, क्वचित चावतात. तोवर त्यांना 30 ते 32 अंश सेल्सियसच्या उबेत ठेवा आणि दर दोन तासांनी आईला धरून पाजा. वारेचं थोडं पाणी पिल्लांच्या अंगाला चोळून दिलं की ती लवकर जवळ घेते. आम्ही त्यासाठी वारेचा एक तुकडा वाटीत बाजूला काढून ठेवतो.